रिस्पॉन्डंटचं रिबटल: खाजगी हॉस्पिटलविरुद्ध रिट चालते का?

माननीय न्यायमूर्ती महोदय, मी रिस्पॉन्डंट क्रमांक २, म्हणजे हॉस्पिटल चालवणाऱ्या ट्रस्टतर्फे उभा आहे. पिटिशनर आमच्या हॉस्पिटलमधे वरिष्ठ लेखापाल होते, त्यांना नोकरीवरून काढलं म्हणून ते रिट मागायला ह्या कोर्टात आलेत. त्यांच्या विद्वान वकिलांनी आत्ता उत्तरात जे मुद्दे मांडले तेवढ्यांनाच हात घालतो. आमचा ट्रस्ट संविधानाच्या कलम १२ खाली 'राज्य' आहे हा मुद्दा त्यांनी स्वतःच सोडून दिलाय, त्यामुळे त्यावर एकच वाक्य. प्रदीप कुमार बिस्वास, २००२, सात न्यायमूर्तींचं पीठ, सरकारचं आर्थिक, कामकाजाचं आणि प्रशासकीय वर्चस्व असेल तरच संस्था 'राज्य' ठरते, आणि आमच्या नऊ ट्रस्टींमधे सरकारने नेमलेला एकही नाही. म्हणजे सगळा वाद आता कलम २२६ वर, हायकोर्टाच्या रिट काढायच्या अधिकारावरच आहे.

विद्वान मित्रांचा सगळा भर अंडी मुक्ता ट्रस्ट विरुद्ध रुदानी, १९८९, ह्या निकालावर आहे. २२६ मधे 'कोणतीही व्यक्ती किंवा अधिकारसंस्था' असे शब्द आहेत, अधिकारसंस्थेचा अर्थ कलम १२ इतका आखूड घ्यायचा नाही, कर्तव्य काय आहे ते बघायचं, हे सगळं त्यांनी वाचून दाखवलं आणि ते मला पूर्ण मान्य आहे. पण महोदय, त्याच निकालात, ह्या भागाच्या थोडं आधी, कोर्टाने मँडॅमसला, म्हणजे कर्तव्य पार पाडा असा हुकूम देणाऱ्या रिटला, दोन अपवाद सांगितलेत, ते वाचायचे राहिले. हक्क निव्वळ खाजगी स्वरूपाचे असतील तर मँडॅमस नाही, आणि संस्था निव्वळ खाजगी असून तिच्यावर सार्वजनिक कर्तव्य नसेल तरी नाही. दुसऱ्या अपवादावर मी आज भांडत नाही. आमचं हॉस्पिटल आहे, लोकांचे जीव वाचवतं, त्याच्या कामात सार्वजनिक काहीच नाही असं म्हणायला माझी जीभ वळणार नाही. माझं म्हणणं पहिल्या अपवादावर आहे आणि पिटिशनरची केस तिथेच अडकते.

आता पिटिशनचा पॅरा १४ बघावा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ ए ए आणि त्याखालची योजना, १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, म्हणजे कायद्यानेच टाकलेलं सार्वजनिक कर्तव्य आहे, म्हणून रिट चालते असा त्यांचा युक्तिवाद. पहिला भाग बरोबर आहे. उद्या एखादा निर्धन रुग्ण ह्या कोर्टात आला आणि म्हणाला की राखीव खाट रिकामी असून मला दारातून परत पाठवलं, तर रिट चालत नाही असं म्हणायला मी उभा राहणार नाही. पण आज समोर तो रुग्ण नाहीये. समोर आहेत वरिष्ठ लेखापाल, ज्यांना फेब्रुवारी २०२४ मधे खरेदीच्या बिलांवरच्या अंतर्गत चौकशीनंतर काढलं, आणि त्यांची तक्रार अशी की चौकशी अहवालाची प्रत दिली नाही. ह्या तक्रारीचा त्या २० टक्के खाटांशी संबंध काय, हे पूर्ण पिटिशनमधे एका ओळीतही लिहिलेलं नाही, मी तीनदा वाचलं.

आणि असा संबंध असावाच लागतो, ही काही माझी कल्पना नाही. सेंट मेरीज एज्युकेशन सोसायटी विरुद्ध राजेंद्र प्रसाद भार्गव, ऑगस्ट २०२२. तिथे खाजगी विनाअनुदानित शाळेच्या ऑफिसमधल्या कर्मचाऱ्याला काढलं होतं. सुप्रीम कोर्टाने म्हटलं की संस्था सार्वजनिक कर्तव्य करते असं गृहीत धरलं तरी ज्या कृतीबद्दल तक्रार आहे तिचा त्या कर्तव्याशी थेट संबंध हवा, नोकरीच्या करारातला वैयक्तिक अन्याय २२६ खाली दुरुस्त करून मिळत नाही, अपवाद एवढाच की नोकरीच्या अटीच कायद्याने ठरवलेल्या असाव्यात. आमच्या केसमधे अ‍ॅनेक्शर सी, म्हणजे २०१४ चं नेमणूक पत्र बघावं. दोन पानांचं आहे, त्यातल्या क्लॉज ९ मधे दोन्ही बाजूंना एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार, खाली ट्रस्टच्या सचिवांची सही आणि पिटिशनरची सही. कुठल्याही कायद्याचा, नियमाचा, सरकारी मंजुरीचा उल्लेख नाही. हा दोघांमधला करार आहे, बाकी काही नाही.

न्यायमूर्ती महोदयांनी मगाशी विचारलं होतं की सरकारी जमीन सवलतीत घेतली त्याचं काय, तेव्हा माझी वेळ संपली होती, आता उत्तर देतो. रामकृष्ण मिशन विरुद्ध कागो कुन्या, २०१९, प्रश्न इटानगरच्या हॉस्पिटलचाच होता, तिथेही सरकारी अनुदान होतं, सवलतीची जमीन होती, हॉस्पिटलवर कायद्याचं नियंत्रण होतं, आणि तरी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एवढ्याने ते हॉस्पिटल सार्वजनिक कार्य करणारं ठरून नोकरीच्या वादात रिटखाली येत नाही. पिटिशनर म्हणतात आमच्यावर परवान्यांचं नियंत्रण जास्त आहे. फेडरल बँक विरुद्ध सागर थॉमस, २००३ मधे खाजगी बँकेवर रिझर्व्ह बँकेचं किती बारीक नियंत्रण असतं ते सगळं कोर्टासमोर होतं, तरी बडतर्फ ब्रँच मॅनेजरची रिट चालली नाही. धंदा नीट चालावा म्हणून घातलेले नियम वेगळे आणि सार्वजनिक कर्तव्य सोपवणं वेगळं.

झी टेलिफिल्म्सबद्दल थोडक्यात. तिथे क्रिकेट बोर्ड 'राज्य' नाही असं ३ विरुद्ध २ ने ठरलं पण २२६ चा मार्ग मोकळा ठेवला, हे खरंय. पण ते बोर्ड देशाचा संघ निवडतं, खेळाडूला दुसरं दारच नसतं. लेखापालाला एका हॉस्पिटलने काढलं म्हणून त्याचा व्यवसाय बंद होत नाही.

जेनेट जेयपॉल, २०१५, हा मात्र त्यांचा खरा आधार आहे, कारण तिथे नोकरीच्याच वादात रिट चालली. पण ती अभिमत विद्यापीठातली शिक्षिका होती, आणि विद्यापीठाचं सार्वजनिक काम म्हणजेच शिकवणं, ती शिक्षिका ते काम प्रत्यक्ष करत होती. आमचे पिटिशनर बिलं तपासत होते. काम महत्त्वाचंच आहे, पण तसं काम कुठल्याही कंपनीत असतं. कौशल किशोर, २०२३ बद्दल एवढंच, की मूलभूत हक्क खाजगी व्यक्तींविरुद्धही मागता येतात असं तिथलं बहुमत म्हणतं ते कलम १९ आणि २१ बद्दल, आणि पिटिशनरचे ग्राउंड्स आहेत कलम १४ आणि नैसर्गिक न्याय.

शेवटी त्यांनी म्हटलं की दिवाणी कोर्टात गेलो तर भरपाई मिळेल पण नोकरी परत मिळणार नाही, म्हणून रिट. हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं आणि त्यातली अडचण मलाही दिसते, वयाच्या ५१ व्या वर्षी नोकरी जाणं म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायला नको. पण वैश डिग्री कॉलेज, १९७६ पासून नियम असाच आहे की वैयक्तिक सेवेचा करार कोर्ट जबरदस्तीने चालू ठेवत नाही, सरकारी नोकर, औद्योगिक कायद्याखालचा कामगार आणि कायद्याचा भंग करणारी वैधानिक संस्था हे तीन अपवाद सोडून. पिटिशनर ह्या तिन्हीत बसत नाहीत. जे दिवाणी कोर्ट कायद्याने देऊ शकत नाही ते फक्त कोर्ट बदलून मिळत नाही.

चौकशी योग्य झाली की नाही ह्यावर मी आज एक शब्द बोललेलो नाही आणि बोलणारही नाही, तो प्रश्न साक्षीपुराव्याचा आहे आणि तो दिवाणी कोर्टात मोकळाच राहावा. इथे गेलेला वेळ लिमिटेशन कायद्याच्या कलम १४ खाली वगळून मागितला तर आमचा विरोध नसेल, हे मी पक्षकाराच्या सूचनेवरून रेकॉर्डवर सांगतो. तेवढी मुभा ठेवून रिट पिटिशन मेंटेनेबल नाही म्हणून फेटाळावी, ही प्रार्थना.