लग्न येथेच पूर्ण होणार आहे

व्यासपीठावरील विश्वस्त, गुरुजी, भंतेजी, काझीसाहेब, मंडपात बसलेले आणि बाहेर लिंबाच्या सावलीला उभे असलेले वऱ्हाडी, एकेचाळीस वधू, एकेचाळीस वर, आणि ज्यांच्या चेहऱ्यांकडे मी सकाळपासून पाहत आहे ते त्यांचे आईवडील, आपणा सर्वांना संस्थेची कार्यवाह या नात्याने माझा नमस्कार. मुहूर्त बारा वाजून पस्तीस मिनिटांचा आहे. गुरुजींनी मला पंधरा मिनिटे दिली आहेत आणि घड्याळ हातात धरून ते माझ्याकडेच पाहत आहेत, त्यामुळे मान्यवरांची नावे घेण्यात मी वेळ घालवणार नाही. मान्यवर मला क्षमा करतील.

मला आधी आईवडिलांशी बोलायचे आहे. फेब्रुवारीत या सामुदायिक विवाहाची नावनोंदणी सुरू झाली तेव्हा एक गृहस्थ दोन दिवस आमच्या कार्यालयाच्या पायरीपर्यंत येऊन परत गेले. तिसऱ्या दिवशी ते आत आले, मुलीचा दाखला आणि आधार कार्ड टेबलावर ठेवले, अर्ज भरला आणि उठता उठता अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारले, "ताई, पत्रिकेत संस्थेचे नाव छापावेच लागते का?" मी म्हणाले, तसा नियम नाही. त्यांना जे हलके वाटले ते त्यांच्या खांद्यांवरून दिसले. ते आज येथे बसलेले आहेत आणि त्यांना ओळखू येईल असे मी काही सांगणार नाही. मात्र त्यांचा प्रश्न येथे बसलेल्या पुष्कळ जणांच्या मनात आहे, हे मला चांगले ठाऊक आहे. आपल्याला आपल्या लेकीचे लग्न आपल्या दारात करता आले नाही, हा सल घेऊन आपण आज नवे धोतर, नवी साडी नेसून आला आहात.

तो सल मी एका भाषणाने काढू शकणार नाही. एवढेच सांगते की कमी खर्चात, सर्वांसमक्ष, वधूवरांच्या स्वतःच्या शब्दांनी लग्न लावण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 साली पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या पद्धतीचे पहिले लग्न लागले. विरोध पुष्कळ झाला, तरी सावित्रीबाईंनी ते पार पाडण्यात पुढाकार घेतला. त्या पद्धतीच्या मंगलाष्टकांत वधूवर एकमेकांशी बोलतात, मागणी करतात आणि वचन देतात. पुढे गाडगेबाबा गावोगाव हातात खराटा घेऊन फिरले आणि कीर्तनात लोकांना विचारत राहिले की लग्नासाठी सावकाराच्या दारात का जाता. हे लोक पैसे नाहीत म्हणून असे सांगत नव्हते. लग्नाच्या कर्जाने घरे कशी बसतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

आम्हीही ते पाहिले आहे, आणि आज बोलायला उभे राहण्याचे माझे खरे कारण तेच आहे. काही वर्षांपूर्वी याच पटांगणात एका जोडप्याचे लग्न लागले. सोहळा उत्तम झाला, मुलीचे वडील हसत घरी गेले, आणि आठ दिवसांनी भावकीतल्या कोणीतरी त्यांना विचारले की गावजेवण कधी आहे. झाले. गावात पुन्हा मांडव पडला, डीजे आला, सातशे पाने उठली, आणि त्यासाठी मुकादमाकडून पुढच्या हंगामाची दीड लाखांची उचल घेतली गेली. ती उचल वडिलांच्या एकट्याच्या अंगावर फिटणारी नव्हती. ज्यांना ऊसतोडीचे काम माहीत आहे त्यांना पुढचे सांगावे लागत नाही: नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल कोयत्यावर मिळते. दिवाळीआधी ती नवी नवरी, हातावरची मेंदी पुरती गेलेली नसताना, नवऱ्याबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कारखान्यावर गेली आणि आपल्याच लग्नाच्या जेवणाचे पैसे फेडण्यासाठी पहाटे तीनला उठून मोळ्या बांधू लागली. आम्ही वाचवलेला खर्च आठ दिवसांत परत उभा राहिला आणि तो व्याजासह तिच्या डोक्यावर बसला.

म्हणून माझी आपणा सर्वांना, आणि विशेषतः दोन्हीकडच्या भावकीला, हात जोडून विनंती आहे की हे लग्न येथेच पूर्ण होणार आहे असे समजावे. आज येथे जे जेवण आहे तेच लग्नाचे जेवण. घरी पूजा करावी, देवाला जाऊन यावे, चार जवळच्या माणसांना चहाला बोलवावे. मात्र "तिकडचे झाले, आता आपले करू" हे वाक्य ज्याच्या तोंडून निघेल त्याला, तो कितीही वडीलधारा असला तरी, खर्च तुम्ही देणार का एवढे विनयाने विचारावे. उत्तर बहुधा मिळत नाही.

वराकडच्या मंडळींशी दोन शब्द. अर्जासोबत आपण सर्वांनी हुंडा घेतला नाही आणि दिला नाही असे लिहून दिले आहे. 1961 च्या कायद्याने देणे आणि घेणे दोन्ही गुन्हा आहे, त्यामुळे त्या कागदाखाली दोन्ही व्याह्यांची सही आहे. संस्थेने वधूला दिलेली भांडी, कपाट, मणी-मंगळसूत्र आणि माहेरून आलेला आहेर यांची यादी दोन प्रतींत केली आहे, तिच्यावर दोन्हीकडच्या सह्या घेतल्या आहेत आणि एक प्रत वधूच्या हातात दिली आहे. काही विहीणबाईंना ती यादी पाहून राग आला, असे माझ्या कानावर आले. राग मानू नये. ते तिचे स्त्रीधन आहे. उद्या ते विकायचे की ठेवायचे हे तीच ठरवील, आणि यादी असली म्हणजे पुढे कोणालाही आठवणीवर विसंबावे लागत नाही.

यंदा आम्ही दोन अर्ज परत केले. एका मुलीला अठरा पूर्ण व्हायला चार महिने होते, दुसरीला त्याहून थोडे अधिक. दोन्ही घरांतून आम्हाला बरेच ऐकावे लागले. एका आईने तर पदर तोंडाला लावून विचारले की हंगामाला जाताना मुलीला कोणाजवळ ठेवू. त्या प्रश्नापुढे 2006 च्या कायद्याचे कलम वाचून दाखवणे मला जड गेले. मुलगी अठराची आणि मुलगा एकवीसचा असल्याखेरीज लग्न लावणे हा गुन्हा आहे आणि त्यात आईवडिलांबरोबर लग्न लावणारे आणि ते ठरवणारेही अडकतात, हे खरेच. परंतु केवळ कायद्याच्या भीतीने आम्ही नकार दिलेला नाही. त्या मुलीची वसतिगृहात सोय झाली आहे, आणि पुढच्या वैशाखात त्या घराची इच्छा असेल तर यादीत तिचे नाव पहिले असेल.

आता मुलांनो, तुमच्याकडे वळते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी एकमेकांशी फोनवर खूप गप्पा मारल्या असतील, हे मी गृहीत धरते, आणि तरीही पैशाविषयी एक शब्द बोललेला नसाल, हेही गृहीत धरते. या आठवड्यात तो बोला. कोणावर किती कर्ज आहे, घरात पैसे कोणाच्या हातात जातात, तिला पुढे शिकायचे आहे का, हंगामाला जायचे की गावात काही धंदा पाहायचा, आणि मूल केव्हा, हे सगळे लाजत लाजत का होईना, पण दोघांनीच बोलायचे आहे. वधूंनी आपले बँकेचे खाते आपल्याच मोबाइल क्रमांकाला जोडून ठेवावे. बँकेचा संदेश दिराच्या फोनवर येतो आणि पासबुक सासऱ्यांच्या पेटीत असते, असे खाते नावालाच आपले असते. नाव बदलण्याचीही घाई करू नये. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही, आणि शाळेचा दाखला एका नावाचा, आधार कार्ड दुसऱ्या नावाचे, असे झाले की प्रत्येक खिडकीवर खेटे घालावे लागतात.

आईंना एक गोष्ट सांगायची राहिली. सकाळी एका माउलीने माझा हात धरून विचारले, "पोरगी नांदेल ना?" मी तिला हो म्हणाले, कारण त्या वेळी दुसरे काही म्हणता येत नाही. खरे उत्तर असे आहे की पहिले दोन-तीन महिने तिच्याशी नीट बोलत राहा. सासरच्या ओसरीवर, स्पीकरवर ठेवलेल्या फोनमधून प्रत्येक मुलगी "बरी आहे" असेच म्हणते. मुराळी पाठवून तिला आणा, ती चुलीपाशी एकटी बसलेली असताना विचारा, आणि ती काही बोलली तर लगेच "सहन कर" म्हणू नका. महिलांसाठीची 181 ही मदतवाहिनी आहे, आमच्या कार्यालयाचे दार आहे. आमच्याकडे लावलेले लग्न म्हणून सगळे सुरळीतच झाले पाहिजे, असा हट्ट आम्ही धरणार नाही. मुलींइतकेच हे मुलांच्या आईवडिलांनाही सांगते: नवी मुलगी चुकली तर तिच्या आईला फोन लावण्याआधी तिला स्वतःला सांगून पाहा.

शेवटी कामाचे. मंडपाच्या मागच्या बाजूला विवाह नोंदणीची तीन टेबले मांडली आहेत. आपल्या राज्यात लग्न कोणत्याही धर्माच्या पद्धतीने लागले तरी 1998 च्या कायद्याप्रमाणे त्याची नोंदणी करावी लागते आणि तिच्यासाठी नव्वद दिवसांची मुदत आहे. अर्ज आम्ही भरून ठेवले आहेत. वधूवरांनी तीन साक्षीदार आणि त्यांची ओळखपत्रे घेऊन केवळ सह्या करायच्या आहेत. ज्यांना शासनाचे अनुदान लागू आहे त्यांचे प्रस्ताव संस्था पाठवील, त्यासाठी कोणाही मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नये. सह्या जेवणाआधी कराव्यात, कारण जेवणानंतर साक्षीदार सापडत नाहीत, हा चौदा वर्षांचा अनुभव आहे.

गुरुजी उभे राहिले आहेत. उजवीकडच्या मंडपात भंतेजींनी आणि पलीकडे काझीसाहेबांनी सुरुवात करावी. येथे अंतरपाट धरणाऱ्यांनी आपापल्या पाटाच्या क्रमांकापाशी यावे, मामांनी वधूंच्या मागे उभे राहावे, आणि सतरा क्रमांकाच्या पाटावरच्या वधूचे मामा अजून वाहनतळावर असतील तर कोणीतरी त्यांना लवकर घेऊन यावे.