दवाखान्याची नेहमीची प्रश्नोत्तरं: दुरुस्त प्रत

मॅडम,

दुरुस्त प्रत सोबत आहे. प्रत्येक उत्तराचं पहिलं वाक्य आता 'काय करायचं' हे सांगतं. कारण लागलंच तर पुढं, थोडक्यात. 'रुग्णाने', 'सदर', 'करण्यात यावे' सगळं काढलं आणि वाचणाऱ्याला सरळ 'तुम्ही' म्हटलं. उच्च रक्तदाब, हायपरटेन्शन, मधुमेह, डायबिटीस अशी एकाच दुखण्याची दोन-दोन नावं होती. खिडकीवर माणूस 'बीपी' आणि 'शुगर'च म्हणतो, म्हणून तेच ठेवलं. जिथं दोन उत्तरांत दोन आकडे होते, तिथं तुम्ही फोनवर सांगितलेला आकडा धरला.

साप चावला तर?
इथं येऊ नका, थेट अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्या. गाडी नसेल तर 108 ला फोन करा. चावलेला हात किंवा पाय हलवू देऊ नका. चिरा मारू नका, रक्त चोखू नका, दोरीनं आवळू नका. साप मारायच्या किंवा पकडायच्या नादात वेळ घालवू नका.

*टीप: हा प्रश्न शेवटून दुसरा होता, सगळ्यात वर आणला. विषाच्या प्रकारांचा परिच्छेद पूर्ण गाळला. शेताच्या बांधावर उभं राहून फोनमध्ये बघणाऱ्याला नाग आणि घोणस यांच्या विषातला फरक कळून उपयोग नाही.*

कुत्रं चावलं तर?
जखम लगेच साबणानं, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दाखवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. लहानसा ओरखडा असला तरी या. सुया किती आणि कोणत्या तारखांना ते चिठ्ठीवर लिहून देऊ. एकही चुकवू नका.

नंबर कसा लावायचा?
सकाळी 9 पासून खिडकीवर किंवा फोनवर नाव सांगा. दवाखाना सकाळी 9 ते 2 आणि संध्याकाळी 5 ते 8 चालू असतो, रविवारी फक्त सकाळी. तान्हं बाळ, गरोदर बाई आणि तापानं फणफणलेला पेशंट यांना नंबर लागत नाही.

*टीप: जुन्या प्रतीत संध्याकाळची वेळ एकदा 5, एकदा 6 होती. बाहेरच्या पाटीवर अजून 6 आहे, ती रंगवून घ्या.*

दुसऱ्यांदा दाखवायला फी लागते का?
त्याच दुखण्यासाठी 7 दिवसांच्या आत आलात तर नाही. जुनी चिठ्ठी आणा.

शुगर तपासायला उपाशी यायचं का?
हो. रात्री जेवल्यावर 8 तास काही खाऊ नका, चहाही नको. साधं पाणी चालतं. पहिलं रक्त दिल्यावर जेवा आणि जेवायला बसल्यापासून 2 तासांनी दुसरं रक्त द्या. गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर त्या दिवशी ते कधी घ्यायचं हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. 'तीन महिन्यांची शुगर' तपासायची असेल तर उपाशी यायची गरज नाही.

*टीप: इथं 8 तास होते, 12 तास होते आणि 'रिक्त उदर'ही होतं. 'ग्लायकेटेड हिमोग्लोबिन' काढलं. ते वाचून लोक अंगात रक्त कमी आहे का, असंच विचारणार.*

बरं वाटतंय, बीपीची गोळी बंद करू का?
नाही. गोळी चालू आहे म्हणूनच बीपी ताब्यात आहे. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, तरी बीपी वाढलेलं असू शकतं. गोळीचा त्रास होत असेल तर या, बदलून देऊ.

ऊसतोडीला निघालो, गोळ्या किती न्यायच्या?
निघायच्या आठवडाभर आधी या. तपासून किती महिन्यांच्या न्यायच्या ते सांगू. चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि तिचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. गोळ्या संपत आल्या की कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात चिठ्ठी दाखवा, मध्ये खंड पडू देऊ नका. इन्सुलिन खोपीत उघड्यावर ठेवू नका. ओल्या वाळूत मातीचं मडकं रोवून त्यात ठेवा, पण बाटलीला पाणी लागू देऊ नका.

*टीप: हा प्रश्न जुन्या प्रतीत नव्हता. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची गाडी दारात आल्यावर माणसं धावत येतात. मग बीपी मोजायलाही वेळ नसतो, नुसत्या गोळ्या द्या म्हणतात. परत येतात ती मार्च-एप्रिलला, बहुतेकदा मधले महिने गोळीविना काढून. बाकी काही गाळलं तरी चालेल, हे गाळू नका.*

अशक्तपणा आलाय, सलाईन लावता का?
उलट्या-जुलाबानं अंगातलं पाणी गेलं असेल आणि तोंडानं घेतलेलं पोटात टिकत नसेल, तर लावतो. पिता येत असेल तर ओआरएस प्या. सलाईननं ताकद येत नाही. 500 मिलीच्या साध्या सलाईनमध्ये पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असतं, बस. अशक्तपणा आठ-दहा दिवस राहिला तर या, रक्त तपासू.

*टीप: सगळ्यात जास्त कात्री इथं चालली. जुनं उत्तर दीड पान होतं आणि शेवटी 'रुग्णांनी अवास्तव आग्रह धरू नये' अशी दटावणी होती. ती काढली. सलाईन मागणाऱ्याला उद्या रोजावर जायचं असतं, एक दिवस बुडाला तर हजेरी जाते. त्याला रागावून तो ऐकणार नाही, पुढच्या गल्लीत जाऊन लावून घेईल. मिठाचा आकडा मात्र मुद्दाम ठेवला. कंपाउंडर रोज याच प्रश्नावर घसा कोरडा करतो, त्याला बोट ठेवून दाखवायला काहीतरी हवं.*

ओआरएस कसं करायचं?
1 लिटरचं पाकीट पूर्ण, 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम टाका. अर्धं-अर्धं करू नका, साखर-मीठ वरून घालू नका. 24 तासांनी उरलेलं फेकून द्या. लेकराला चमच्यानं थोडं-थोडं द्या. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून पुन्हा द्या. अंगावरचं दूध चालूच ठेवा. झिंकची गोळी लिहून दिली असेल तर जुलाब थांबले तरी 14 दिवस द्या. लेकराचे डोळे खोल गेले, लघवी होईना किंवा ते सुस्त पडलं, तर वाट न बघता घेऊन या.

*टीप: 'निर्जलीकरणाची लक्षणे' या मथळ्याऐवजी शेवटचं वाक्य.*

घरच्यांचा रिपोर्ट फोनवर सांगाल का?
नाही. रिपोर्ट ज्याचा त्यालाच देतो. नवरा, सासू, भाऊ कुणीही विचारलं तरी. पेशंटनं सांगितलं तर सोबतच्या माणसासमोर बोलतो. लहान मुलांचा रिपोर्ट आईवडिलांना मिळतो.

*टीप: जुन्यात 'गोपनीयतेच्या तत्त्वानुसार' होतं, त्यातून हो की नाही तेच कळत नव्हतं. 'सासू' हा शब्द सिस्टरांनी सुचवला. तुम्हाला फार रोखठोक वाटला तर 'घरातलं कुणीही' करते, पण माझं मत ठेवावा असंच आहे.*

8 तास, 2 तास, 15 मिनिटं, 14 दिवस, 1 लिटर आणि साडेचार ग्रॅम या आकड्यांसमोर पेन्सिलीनं खूण केली आहे. तेवढे स्वतः वाचून समासात सही करा. प्रत शनिवारच्या बाजाराआधी परत मिळाली तर त्याच दिवशी छापायला टाकते.