विषय: ऑनलाइन तासाला कॅमेरा कधी हवा, कधी नको, आणि मुलांच्या खासगीपणाबद्दल

सातवी ब च्या सर्व पालकांना,

सप्रेम नमस्कार.

येत्या सोमवारपासून पुढचे काही आठवडे आपले तास झूमवर होणार आहेत. गेल्या वेळी ऑनलाइन तास झाले तेव्हा कॅमेऱ्यावरून बरेच प्रश्न आले होते. काही पालकांचं म्हणणं होतं की कॅमेरा सक्तीचा करा, नाहीतर मुलं लॉगिन करून दुसरंच काहीतरी करत बसतात. काहींनी अगदी उलट सांगितलं की घराचं चित्र रोज चाळीस जणांसमोर जायला नको. दोन्ही म्हणणी मला पटतात, म्हणून या वेळी सगळं आधीच स्पष्ट लिहिते आहे. पत्र जरा लांबलं आहे, पण कृपया शेवटपर्यंत वाचा.

मला कॅमेरा हवा असतो तो मूल कुठे अडलं ते दिसावं म्हणून. वर्गात मी बाकांमधून फिरते तेव्हा कंपासचं टोक कागदावरून घसरतंय, कोनमापक उलटा ठेवलाय, पेन्सिल हातात आहे पण वही कोरीच आहे, हे मला न विचारता कळतं. भौमितिक रचना शिकवताना तर मुलाच्या चेहऱ्यापेक्षा त्याचा हात जास्त बोलतो. बंद चौकोनांकडे बघून ‘समजलं का?’ विचारलं की ‘हो मॅडम’ येतं, आणि वह्या तपासताना खरं काय ते कळतं.

त्यामुळे पूर्ण तास कॅमेरा चालू ठेवायची गरज नाही. तास सुरू होताना पहिली पाच मिनिटं एकमेकांना बघू, बोलू. त्यानंतर मी शिकवत असताना कॅमेरा बंद ठेवला तरी चालेल. मुलं गणितं सोडवायला लागली की मी पुन्हा चालू करायला सांगेन, आणि तेव्हा चेहरा नको असेल तर कॅमेरा वहीकडे वळवा. फोन पुस्तकांच्या चवडीला टेकवून थोडा खाली झुकवला की वही नीट दिसते. तेवढं मला पुरतं.

हजेरीचा कॅमेऱ्याशी काहीही संबंध नाही. कॅमेरा बंद असल्यामुळे कोणाची गैरहजेरी लागणार नाही, गुण कापले जाणार नाहीत, आणि सगळ्यांसमोर ‘तुझा कॅमेरा का बंद?’ असं मी विचारणार नाही. झूममध्ये मी मुलाचा कॅमेरा परस्पर चालू करू शकत नाही. मी फक्त विनंती पाठवू शकते, आणि ती नाकारायची मोकळीक मुलाला आहे.

कोणत्याही कारणाने तुम्हाला कॅमेरा नको असेल तर मला एका ओळीत कळवा. ‘आमच्याकडे कॅमेरा नको’ एवढं पुरे. कारण विचारणार नाही. नेट कमी पडतं, एकाच फोनवर दोन भावंडांचे तास असतात, घरात कोणी आजारी असतं, जागा लहान असते, किंवा मुलालाच स्वतःला पडद्यावर बघणं नकोसं होतं. हे शेवटचं कारण या वयात फार खरं असतं, ते हसण्यावारी नेऊ नका. अशा मुलांनी आपल्या व्हिडिओवर Hide Self View निवडलं की त्यांना स्वतःचा चेहरा दिसत नाही, बाकीचे दिसत राहतात. काही मुलांना तेवढ्यानेच मोकळं वाटतं. तरीही नको असेल तर चॅटमध्ये फक्त मला उत्तर पाठवावं, किंवा तासानंतर वहीचा फोटो.

आता घराबद्दल. मुलाने शक्यतो भिंतीला पाठ करून बसावं, म्हणजे मागे येणं-जाणं दिसत नाही. अंथरूण, कपडे बदलायची जागा, देवघर, कपाटावर चिकटवलेले कागद हे काहीच दिसायची गरज नाही. मागचं धूसर करण्यासाठी Blur पर्याय आहे, पण जुन्या फोनवर तो चालत नाही, आणि चालला तरी मागून कोणी हललं की क्षणभर दिसून जातं. म्हणून त्याच्यावर सगळा भरवसा ठेवू नका. कॅमेऱ्याइतकीच काळजी माइकची घ्या. चित्र बंद असताना घरातलं बोलणं मात्र सगळ्या वर्गाला ऐकू जातं. बोलायचं नसेल तेव्हा म्यूट, आणि तास संपला की Leave दाबून बाहेर पडायचं. नुसतं दुसरं अॅप उघडलं तर तास मागे चालूच राहतो.

नाव दाखवताना मुलाचं पहिलं नाव आणि हजेरी क्रमांक एवढंच लिहा. बऱ्याचदा पालकांच्या फोनचं नाव किंवा पूर्ण नाव आपोआप येतं. आत येण्याआधीच झूममध्ये नाव बदलून ठेवा, आत आल्यावर Rename करूनही ते बदलता येतं. Waiting Room मी चालू ठेवणार आहे. अनोळखी नाव दिसलं तर आत घेणार नाही, त्यामुळे हे जरूर करा. तासाची लिंक कुणालाही पुढे पाठवू नका, अगदी नातेवाइकांच्या ग्रुपवरही नाही.

रेकॉर्डिंगची शंका बऱ्याच जणांना आहे. मी फक्त शिकवण्याचा भाग रेकॉर्ड करेन, तोही मुलांना आधी सांगून आणि सगळ्यांचे कॅमेरे बंद करायला लावून. शंका विचारण्याचा वेळ कधीच रेकॉर्ड होणार नाही, कारण रेकॉर्डिंग चालू आहे म्हटल्यावर कच्ची मुलं तोंड उघडत नाहीत. रेकॉर्डिंग शाळेच्या खात्यात राहील, फक्त आपल्या वर्गाच्या शालेय खात्यांना दिसेल, आणि घटक चाचणी झाली की मी ते काढून टाकेन.

स्क्रीनशॉटबद्दल मात्र मला कडक लिहावं लागतंय. गेल्या वेळी एका मुलाच्या जांभईचा स्क्रीनशॉट काढून कोणीतरी त्याचं स्टिकर केलं, आणि ते मुलांच्या ग्रुपमध्ये फिरलं. ज्याचं स्टिकर झालं तो मुलगा नंतर बरेच दिवस कॅमेराही लावेना आणि उत्तरही देईना. स्क्रीनशॉट थांबवायचं कोणतंही बटण माझ्याकडे नाही. थांबवणार ती मुलं आणि तुम्ही. तासातल्या कोणाचाही फोटो किंवा व्हिडिओ काढायचा नाही, पुढे पाठवायचा नाही, आला तर पाहून सोडून न देता मला कळवायचं. असं घडलं तर मी दोन्ही घरांशी बोलेन आणि मुख्याध्यापकांना कळवेन. यात सवलत नाही.

एक विनंती तुम्हालाही. पहिले दोन दिवस लॉगिनसाठी मदत करा, पण नंतर तासात शेजारी बसून राहू नका आणि हळूच उत्तरं सांगू नका. दुसरी मुलंही त्या पडद्यावर असतात, अडखळतात, चुकतात. कोणाला काय आलं नाही याची चर्चा पालकांच्या ग्रुपवर होऊ नये. तुमच्या मुलाबद्दल बोलायचं असेल तर मला वेगळा फोन करा, मी नक्की वेळ देईन.

कॅमेऱ्याबद्दल तुमचं ठरलेलं शुक्रवारपर्यंत याच ईमेलला उत्तर देऊन कळवा. नंतर विचार बदलला तरी हरकत नाही, केव्हाही सांगा. शनिवारी संध्याकाळी 5 ते 6 मी झूमवर आहे, लिंक शुक्रवारी रात्री पाठवते. ज्यांना Blur, Rename किंवा फोन वहीकडे वळवणं जमत नसेल त्यांनी मुलाला घेऊन या, तिथेच करून बघू.

आपली,
वर्गशिक्षिका व गणित शिक्षिका
इयत्ता सातवी ब