प्रॉम्प्ट : मेणवलीच्या घाटावर बसलेल्या आईचे फक्त कपडे बदला

काम
सोबतच्या फोटोत माझी आई मेणवलीच्या घाटाच्या पायरीवर बसली आहे. अंगात फिकट निळा कुर्ता, पांढरी सलवार आणि ओढणी आहे. या तीन गोष्टी काढून तिथे सहावारी पैठणी आणि ब्लाऊज दाखवा. बाकी फोटो आहे तसाच राहू द्या. नवं चित्र काढायचं नाही, याच फोटोतलं कापड तेवढं बदलायचं आहे.

नवा पोशाख
रेशमी पैठणी, राघू रंगाची, म्हणजे पोपटी हिरवी. काठ सोनेरी जरीचा, नारळी नक्षीचा : त्रिकोणांची सरळ रांग, मध्ये कुठेही न तुटलेली. अंगावर लहान जरीबुट्टी, विरळ. पदर मोरांचा, बांगडीमोर. गोल बांगडीसारख्या वर्तुळात मोर असतो तो. एक मोर पूर्ण आणि स्पष्ट दिसू द्या, बाकीचे चुण्यांत अर्धे लपले तरी चालेल. मोराच्या जागी नुसती सोनेरी रांगोळी नको.

पदर आईच्या डाव्या खांद्यावर, म्हणजे फोटो बघताना आपल्या उजवीकडे. तो पाठीमागून उजव्या हाताखालून पुढे घेऊन मांडीवर सोडलेला. पोट आणि कंबर पूर्ण झाकलेली. पदराची कड जिथे उलटते तिथे मागचे लोंबते धागे दाखवू नका. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. निऱ्या बसलेल्या बाईच्या असाव्यात : गुडघ्यांवर ताण, खाली पायरीवर थोडा घोळ. उभ्या बाईची साडी बसलेल्या अंगावर चिकटवल्यासारखी दिसली तर सगळं फुकट.

ब्लाऊज त्याच हिरव्या रंगाचा, बाह्या थेट मनगटापर्यंत. आई एरवी असा ब्लाऊज घालत नाही, पण कुर्त्याच्या बाह्या मनगटापर्यंत आहेत आणि मला तिचे हात कल्पनेने रंगवलेले नको आहेत. गळा कुर्त्याच्या गळ्याइतकाच, त्याहून खोल नाही. याच कारणाने चपलांची टोकं आत्ता दिसतात तेवढीच दिसावीत.

ज्याला हात लावायचा नाही
चेहरा. डोळ्यांखालच्या सुरकुत्या, ओठाच्या डावीकडचा तीळ, उन्हामुळे किंचित मिटलेला उजवा डोळा, चष्म्याच्या काचेत उमटलेलं आकाश, अर्धवट हसू, सगळं जसंच्या तसं. त्वचा गुळगुळीत करू नका, रंग उजळवू नका, वय कमी करू नका. ती ६३ वर्षांची आहे आणि तेवढीच दिसली पाहिजे. साडी आली म्हणून मोठं कुंकू, गजरा, नथ किंवा लिपस्टिक आपणहून घालू नका. कपाळावर आहे ती बारकी टिकली पुरे.

केस, कानावर आलेली पांढरी बट, हातातलं घड्याळ आणि दोन बांगड्या कायम. मंगळसूत्रही तेच, फक्त ते आता कुर्त्याऐवजी ब्लाऊजवर रुळेल.

बसण्याची ढब तीच : उजवा हात गुडघ्यावर, डावा पायरीवर टेकलेला, मान जराशी कललेली. बोटं मोजून पाच. खांद्यांची रुंदी आणि अंगाचा बांधा बदलू नका. साडी आईच्या मापाची हवी, आई साडीच्या मापाची नको.

मागे घुमटीतली मोठी घंटा, दगडी पायऱ्या, कृष्णेचं पाणी आणि कोपऱ्यात वाळत घातलेला लाल टॉवेलसुद्धा राहू द्या. टॉवेल काढायचा मोह होईल, पण तो आमचाच आहे. मागचं धूसर आणखी धूसर करू नका.

अपवाद एकच
ओढणीचं एक टोक पायरीवर पसरलं आहे. ते गेल्यावर उघडी पडणारी जागा शेजारच्याच काळ्या दगडाने भरा, तसाच खडबडीतपणा आणि तशीच भेग.

ऊन आणि कडा
ऊन सकाळचं, चित्राच्या डावीकडून. जरीकाम त्याच बाजूने चमकू द्या, चित्राच्या उजवीकडे मंद. हाताची सावली पदराच्या घड्यांवरून वाकडी पडावी. हिरव्या रंगाची झाक हनुवटीवर नको. बट आणि ब्लाऊज जिथे भेटतात तिथे केसांभोवती पांढरी किनार दिसता कामा नये.

काय द्यायचं
एकच चित्र. मूळ फोटोचीच लांबी-रुंदी, तीच फ्रेम, तोच कोन, तेवढाच कणीदारपणा. क्रॉप नाही, फिल्टर नाही, कुठेही अक्षरं नाहीत. मोराची नक्षी नीट जमत नसेल तर पदर नुसत्या जरीच्या पट्ट्यांचा करा, पण त्यासाठी फोटोतलं दुसरं काही हलवू नका.