वैशू, निवांत वाच

वैशू,

हा मेसेज लांब आहे. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये उघडू नकोस. रात्री जेवणं उरकली, सई अभ्यासाला बसली, की मग वाच. कुणाच्या तब्येतीचं काही नाही, घाबरू नकोस. पण वाचून वाईट वाटेल, हे आधीच सांगते.

मला आपली मैत्री इथे थांबवायची आहे.

हे सुरुवातीलाच लिहिलं, कारण पुढचं सगळं वाचताना 'ही नक्की काय म्हणतेय' असा अंदाज तुला बांधत बसायला लागू नये. गेल्या आठवड्यात मी चारच ओळी लिहिल्या होत्या. 'तुला पुढच्यासाठी शुभेच्छा, काळजी घे' असल्या. परत वाचल्या तर खातं बंद केल्यावर बँकेकडून येतं तसलं पत्र वाटलं. विलिंग्डनला अकरावीत एका बाकावर बसायला लागलो तेव्हापासूनची मैत्रीण तू, तुला असं कळवायचं नव्हतं. फोन उचलणं कमी करत करत लांब जाता आलं असतं, पण मग तू कारण शोधत राहिली असतीस. म्हणून कारण सांगते.

घर सोडून मी कोथरूडला भाड्याच्या जागेत राहायला गेले, हे मी फक्त तुला सांगितलं होतं. आईबाबांना मी सांगलीला येऊन, समोर बसून सांगणार होते. बाबांची बायपास झालीये, त्यांना कसं आणि किती सांगायचं यावर आपण दोघी फोनवर तासभर बोललो होतो. मी यायच्या आधीच आत्याचा त्यांना फोन गेला. तू म्हणालीस, 'अगं, मला वाटलं त्यांना माहीत असेल.' मग म्हणालीस, 'कधीतरी कळणारच होतं की.' कळणारच होतं, खरंय. पण ते त्यांना माझ्या तोंडून कळायला हवं होतं. बाबांनी मला एवढंच विचारलं, 'आमच्याआधी गावाला सांगितलंस होय?' मी गप्प बसले, कारण उत्तर द्यायचं तर तुझं नाव घ्यावं लागलं असतं. ते मी अजून घेतलेलं नाही आणि घेणारही नाही.

एवढ्या एका गोष्टीवरून मी हे लिहिलं नसतं. मुलासाठी ट्रीटमेंट चालू होती तेव्हा तुझ्या जाऊबाईंनी मला लग्नाच्या पंगतीत उपाय सुचवले होते, आठवतं? त्यानंतर आपण आमराईत बसून नीट बोललो. तू रडलीस, मीही रडले. परत असं होणार नाही म्हणालीस. ते तू मनापासून म्हणालीस याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. तरी नंतर माझ्या नोकरीचं तसंच झालं, आणि आता हे.

तू वाईट बुद्धीने करतेस असं मला कधीच वाटलं नाही. मला जे दिसतं ते सांगते. तुला माणसं जवळची लागतात, आणि आतल्या गोटातली एखादी गोष्ट सांगितली की समोरचं माणूस पटकन जवळ येतं. त्या क्षणी ती गोष्ट कुणाची आहे हे तुझ्या लक्षातून जातं. बऱ्याचदा ती माझी असते.

याचा माझ्यावर काय परिणाम झालाय ते तुला माहीत नसेल, कारण मी तो लपवत आले. तुझा फोन वाजला की मी आधी काय सांगायचं नाही ते ठरवते, मग उचलते. पाऊस, ऑफिस, सईचे मार्क, आईचे गुडघे. आपण तास तास बोलतो आणि ठेवल्यावर जाणवतं की मी माझं काहीच बोलले नाही. तू मात्र मोकळेपणाने सगळं सांगितलेलं असतं. तू मैत्रिणीशी बोलत असतेस आणि मी सांभाळून वागत असते. हे असं पुढची वीस वर्षं चालवायची माझी तयारी नाही.

आता पुराचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा मी पुण्यात अडकले होते आणि रस्ते बंद होते. गावभागातून आईबाबांना तू बाहेर काढलंस आणि मिरजेला तुझ्या घरी नेलंस. तेवढ्या गडबडीत बाबांच्या गोळ्यांची पिशवी घ्यायला विसरली नाहीस. पाणी उतरल्यावर तू आणि संतोषभावजी आमच्या घरातला चिखल काढत होतात, आणि मला फोनवर सांगत होतीस की फार काही झालेलं नाही. सगळं गेलं होतं. मला धीर द्यायला तू तसं म्हणत होतीस. वैशू, त्या दिवसांत तू जे केलंस ते सख्ख्या बहिणीनेसुद्धा केलं असतं की नाही, सांगता येत नाही. हा मेसेज लिहायला मला इतके महिने लागले ते यामुळेच. जिने माझ्या आईबापाला आसरा दिला तिला मी हे कुठल्या तोंडाने सांगू, असं वाटायचं. पण नुसत्या उपकाराच्या जाणिवेने मी फोन उचलत राहिले, तर एक दिवस तुला ते माझ्या आवाजात ऐकू येईल. ते तुला याहून जास्त लागलं असतं.

सईबद्दल. ती मला मंजूमावशी म्हणते आणि मला ती फार प्रिय आहे. तिचा फोन आला तर मी नेहमीसारखीच बोलेन, आपल्या दोघींबद्दल तिच्याशी अवाक्षर काढणार नाही. तुला तेही नको असेल तर सांग, तू म्हणशील तसं करेन.

भिशी जूनपर्यंत आहे, ती माझ्यामुळे मोडू नये. माझे पैसे ५ तारखेला सुलभाला जात राहतील. मेमध्ये तिच्या मुलाच्या लग्नाला मी येणार आहे. समोर आलीस तर तुझ्याशी बोलेन, शेजारी बसायची वेळ आली तर बसेन. फक्त तिथे मला बाजूला घेऊन हा विषय काढू नकोस. ग्रुपवर मी काही लिहिणार नाही. कुणी विचारलंच तर 'आता फारसं बोलणं होत नाही' एवढंच सांगेन. तू काय सांगायचं ते तू ठरव. माझ्या संसाराविषयी मात्र कुणाशी बोलू नकोस, एवढी एक विनंती.

उत्तर द्यायलाच हवं असं नाही. रागाने लिहिलंस तरी मी शेवटपर्यंत वाचेन. 'एकदा भेटून बोलू' म्हणालीस तर मात्र मी नाही म्हणेन. आमराईत बसलो होतो तेव्हा मला आशा होती. आज नाही, आणि ती आहे असं दाखवून तुला वाट बघायला लावणं मला पटत नाही.

तुमच्या घराची जादा चावी माझ्याकडे आहे. पुढच्या रविवारी सांगलीला येतेय, तेव्हा आईकडे ठेवून जाईन. तुला जायचं नसेल तर संतोषभावजींना पाठव. आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही, त्यामुळे तू गेलीस तर ती जेवायला थांब म्हणेल. थांबावंसं वाटलं तर थांब, माझी काही हरकत नाही.

मंजू