ज्युनियर हेअरस्टायलिस्ट पाहिजे, रत्नागिरी (मारुती मंदिर) – अनुभव नसला तरी चालेल, पगार खाली लिहिलाय

नमस्कार मंडळी, मारुती मंदिर सर्कलपासून पाच मिनिटांवर आमचं लेडीज-जेंट्स सलून आहे, पहिल्या मजल्यावर, खाली मेडिकल. मी धरून पाच जण आहोत, सहावा माणूस पाहिजे. मुलगी असो वा मुलगा, 18 पूर्ण झालेलं असावं, दहावी झाली-नाही झाली त्याच्याशी आम्हाला काही देणंघेणं नाही, मोबाईलवर अपॉइंटमेंट लिहून घेता आली आणि हिशोबाला शंभरातून साठ वजा करता आले की झालं.

आधी पैशाचं बोलते, कारण जाहिरातीत "आकर्षक पगार" लिहितात आणि माणूस गुहागरहून भाडं खर्चून आल्यावर सहा हजार सांगतात. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून महिना 14,000, हातात. सहा महिन्यांनी वॉश, ब्लो ड्राय, रूट टचअप आणि साधा ट्रिम हे कोणी बाजूला उभं न राहता जमलं तर 16,000. वर्ष झालं की 18,000 आणि स्वतः केलेल्या कामावर 5 टक्के कमिशन. सहा महिन्यात नाही जमलं तर काढून टाकत नाही, अजून दोन महिने बघतो, पण पगार तोपर्यंत 14 च राहील हे आत्ताच सांगते. पगार 7 तारखेला खात्यात. टिप ज्याला दिली त्याची, गल्ल्यात जात नाही. पीएफ, ईएसआय नाही, आमची माणसं तेवढी नाहीत म्हणून ते लागू होत नाही, खोटं कशाला सांगू.

वेळ सकाळी 10 ते संध्याकाळी 7, मध्ये एक तास जेवणाची सुट्टी, म्हणजे काम आठ तास. सोमवार बंद. शनिवार-रविवार काम असतंच, रविवारी सुट्टी पाहिजे असेल त्यांनी कृपया येऊ नका, नंतर दोघांनाही त्रास होतो. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, मग एप्रिल-मे मध्ये चाकरमानी आणि पर्यटक, त्या दिवसांत कधीकधी 8:30-9 वाजतात. त्याचा ओव्हरटाईम दुप्पट दराने, 14,000 वाल्याला तासाला 135 रुपये, वहीत लिहून ठेवतो आणि महिन्याच्या शेवटी तुम्ही स्वतः बघून सही करायची. लांबून एसटीने येणार असाल तर शेवटची गाडी किती वाजता आहे ते आधीच सांगा, मी त्याप्रमाणे सोडते, पण "गाडी चुकली" हे रोज सकाळी ऐकून घेणार नाही.

सुट्ट्यांचं म्हणाल तर चतुर्थीपासून गौरी विसर्जनापर्यंत सलून बंद, पगार चालू. त्याच्या आधीचा आठवडा मात्र मरणाची गर्दी, तेव्हा रजा मागायची नाही. शिमग्याला तुमच्या गावची पालखी ज्या दिवशी घरी येते ते दोन दिवस मिळतील, आठ दिवस आधी सांगा म्हणजे सगळ्यांच्या पालख्या एकदम नको. श्रावणात दाढी-कटिंगवाले कमी येतात, तेव्हा घरी पाठवत नाही आणि पगारही कापत नाही, तोच आमचा शिकवायचा महिना असतो.

शिकणं काय आणि कसं तेही ऐका. पहिला महिना शॅम्पू, टॉवेल, झाडू, कंगवे धुवून जंतुनाशकात घालणं, आणि रोज दुपारी 3 ते 4 डमीच्या डोक्यावर सेक्शन पाडणं. हे कंटाळवाणं आहे, मान्य. पण सेक्शन तिरका पडला की पुढचं सगळं तिरकं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ब्लो ड्राय आणि कलर मिसळणं, 20 व्हॉल्यूम म्हणजे 6 टक्के, 30 म्हणजे 9, हे झोपेत विचारलं तरी आलं पाहिजे. पॅच टेस्ट 48 तास आधी केल्याशिवाय नवीन गिऱ्हाईकाला कलर लावायचा नाही, कितीही घाई करू दे, कितीही ओळखीची असू दे. चौथ्या महिन्यात खऱ्या माणसावर कात्री, आधी आमच्या घरच्यांवर, माझ्या भावाने आतापर्यंत तिघांचा पहिला कट सोसलाय.

आपल्याकडच्या हवेचंही शिकावं लागतं. जून लागला की दमटपणाने कुरळे केस असे फुलतात की सकाळी केलेला ब्लो ड्राय बंदरावर जाऊन येईपर्यंत गेलेला असतो, मग गिऱ्हाईक आपल्यावर चिडतं. आणि लहरी केस ओले असताना बोटांत ताणून कापले की सुकल्यावर दोन बोटं वर जातात. माझ्या हातून एका नवरीचे असे गेले होते, लग्नाला चार दिवस, तिची आई काही बोलली नाही नुसती बघत राहिली, ते अजून आठवतं. म्हणून आमच्याकडे बोटं सैल ठेवायची आणि सांगितल्यापेक्षा एक इंच लांबच कापायचं, उरलेलं सुकल्यावर.

मी स्वतः मुंबईत एका सलूनला शिकले, तिथे वीस हजार डिपॉझिट घेतलं आणि अकरा महिने झाडू मारला, कात्री धरायला दिलीच नाही, सोडताना डिपॉझिटही गेलं. म्हणून आमच्याकडे डिपॉझिट नाही, बाँड नाही, ओरिजिनल कागद ठेवून घेत नाही. सोडून जायचं तर एक महिना आधी सांगा, बस. कात्री-कंगव्याचा पहिला सेट सलूनचा, ग्लोव्हज आम्ही देतो, कारण दिवसभर शॅम्पू-पाण्याने हात फुटतात. पाय दुखतात, पहिले पंधरा दिवस तर फारच, बसून करायचं काम शोधत असाल तर हे ते नव्हे.

हवं कसं माणूस तर, गिऱ्हाईक काय म्हणतंय ते पूर्ण ऐकणारं, चुकलं तर लपवायच्या आधी मला येऊन सांगणारं, आणि हात स्थिर. घरचाच धंदा असेल तर उत्तम, पण "आमच्याकडे असंच कापतात" म्हणून शिकायचं नसेल तर कोरी पाटी बरी. पार्लरचा कोर्स केलेल्यांनी सर्टिफिकेट आणू नका, टेल कोंब हातात घेऊन दाखवा. मालवणीत बोललात, संगमेश्वरीत बोललात, काही हरकत नाही, पण गिऱ्हाईकाच्या केसांवर हसायचं नाही, पांढऱ्यांवर नाही आणि टकलावर तर नाहीच.

10 ते 20 ऑक्टोबर, सोमवार सोडून कधीही दुपारी 3 ते 5 या वेळात स्वतः या, फोटो-बायोडेटा पाठवत बसू नका. जिना चढून वर आलात की काउंटरवर "कामाच्या जाहिरातीसाठी आलोय" म्हणा, चहा मिळेल. अर्धा तास गप्पा, मग डमीवर चार सेक्शन पाडायला लावीन, वाकडे पडले तरी चालतील, मी दाखवल्यावर दुसऱ्यांदा कसे पडतात ते बघणार. त्यातून जे जमतील त्यांना दोन दिवस ट्रायल, त्याचेही दिवसाला 540 रुपये देणार, ठेवलं-नाही ठेवलं तरी. काम 1 नोव्हेंबरपासून. ज्यांना घेणार नाही त्यांनाही 25 तारखेपर्यंत फोन करून सांगते, वाट बघत ठेवत नाही. आई-वडील बरोबर आले तरी चालेल, पण कंगवा तुम्हीच धरायचा.