रविवारच्या साडी लाइव्हची क्रमपत्रिका (येवला दुकान, सायंकाळी ७ ते ८)

६:५० ला गादीवर पांढरी चादर अंथरावी. मागच्या वेळी लाल सतरंजीवर राणी रंग पडद्यावर नारिंगी दिसला आणि दोन साड्या परत आल्या. वहिनी बोलतील, दादा साड्या उलगडतील, मी कमेंट वाचून बुकिंग वहीत उतरवीन.

७:०० (वहिनी) : "नमस्कार. येवल्याहून आपले स्वागत आहे. आपण कोणत्या गावाहून पाहत आहात, ते कमेंटमध्ये लिहावे. साडी आवडल्यास तिचा क्रमांक आणि 'बुक' एवढेच लिहावे. ज्यांची कमेंट आधी येईल, त्यांची साडी."

७:०५, क्रमांक १, खणाचे ब्लाउजपीस : लोक जमेपर्यंत हेच दाखवावे. "हा गुळेदगुड्डचा खण आहे. एका पिसाची किंमत २८० रुपये, तीन घेतल्यास ७८० रुपये."

७:१५, क्रमांक २, सेमी पैठणी : "ही यंत्रमागावरची साडी आहे, हातमागाची नव्हे. किंमत २,४५० रुपये, टपालखर्च आमचा." हे वाक्य कोणी विचारण्याआधीच म्हणावे, कारण सेमीला पैठणी म्हणून खपवणाऱ्यांमुळे गिऱ्हाईक आधीच साशंक असते.

७:२५, क्रमांक ३, हातमागाची मुनिया काठाची पैठणी : आजचा खरा माल हाच, म्हणून येथे पंधरा मिनिटे द्यावीत. पदर कॅमेऱ्याजवळ आणून आधी सुलट बाजू दाखवावी, मग दादांनी तो सावकाश उलटा करावा आणि वहिनींनी विचारावे, "यातली सुलट बाजू कोणती, ओळखता येते का? 'पहिली' किंवा 'दुसरी' असे लिहा." उत्तरे येईपर्यंत थांबावे, मध्ये बोलू नये. मग सांगावे, "विणकर प्रत्येक रंगाचा धागा नक्षीपुरताच हाताने फिरवतो, त्यामुळे मागे लोंबते धागे राहत नाहीत आणि पोपट दोन्ही बाजूंनी सारखाच स्वच्छ दिसतो." किंमत त्यानंतरच जाहीर करावी : "अकरा हजार पाचशे रुपये. हिरवी, जांभळी आणि राणी, प्रत्येक रंगाची एकच साडी आहे." कोणी घासाघीस केल्यास, "ताई, विणकराची मजुरी ठरलेली आहे, भाव एकच आहे," एवढेच उत्तर द्यावे.

७:४०, क्रमांक ४, अंगभर आसावलीच्या वेलीची पैठणी : "किंमत अठ्ठावीस हजार रुपये. शुद्ध रेशमाची सिल्क मार्क खूणचिठ्ठी साडीसोबत मिळेल." चिठ्ठी कॅमेऱ्यासमोर धरावी. "ही साडी कोणत्या कार्यासाठी घ्याल?" असे विचारावे आणि दोन-तीन उत्तरे वाचून दाखवावीत.

७:५० : मी वहीतले क्रमांक आणि कमेंट करणाऱ्यांची नावे वाचीन, फोन क्रमांक किंवा पत्ता कोणीही मोठ्याने वाचू नये. वहिनी : "ज्यांची नावे वाचली, त्यांनी पत्ता खाजगी संदेशात पाठवावा आणि रात्री दहापर्यंत पैसे भरावेत, अन्यथा साडी पुढच्या नावाला दिली जाईल. पार्सल उघडताना व्हिडिओ काढावा. दोष आढळल्यास सात दिवसांत साडी बदलून देऊ."

८:०० : कॅमेरा बंद झाल्याची खात्री करूनच साड्यांच्या घड्या घालाव्यात.